दादांचं वर्षश्राद्ध: नातेवाईकांना निरोप कसा लिहू? तिथी, जेवणाची वेळ आणि कपड्यांचं

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) गेल्या वर्षी १८ डिसेंबरला संध्याकाळी गेले. बुधवार होता आणि संकष्टी होती, आईचा उपास तसाच राहिला होता म्हणून ते पक्कं लक्षात आहे. आता वर्ष होतंय. भाऊ गावी असतो, अमळनेरपासून जवळच, विधी तोच करणार, आणि नातेवाईकांना निरोप पाठवायचं काम माझ्याकडे आलंय कारण मी पुण्यात बसून फोनवर असते असं सगळ्यांचं मत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघितलं तर यंदा मार्गशीर्षातली संकष्टी ७ डिसेंबरला आहे आणि तो नेमका रविवार. म्हटलं चला, सगळ्यांच्या सोयीचं झालं, सुरतच्या आत्यांना पण जमेल. म्हणून असं लिहिलंय:

"आमचे पूज्य दादा यांचे वर्षश्राद्ध रविवार ७ डिसेंबर रोजी आहे. सकाळी १० वाजता विधी, १२ वाजता जेवण. सर्वांनी पांढरे कपडे घालून यावे ही विनंती."

भाऊ म्हणतो एवढं कोरडं नको, आणि काकू म्हणतात कपड्यांचं लिहूच नको, लोक नाराज होतील. पण मला ते लिहायचंय. दहाव्याला माझ्या एका चुलत भावाचा मुलगा चमकणारा शर्ट घालून आला होता आणि आई बिचारी त्याच्याकडे बघतच राहिली. कसं लिहू ते सांगा. गाव धरून दोनशेच्या आसपास माणसं होतील.

यावलचा नाना
निरोप नंतर बघू, आधी तारीख तपासा ताई. ७ ला घाई करू नका.

पांझरातीर
तारखेचं काय एवढं, आम्ही तर सरळ १८ डिसेंबरलाच करतो, फोटोला हार घालायचा आणि जेवण द्यायचं. सगळ्यांच्या लक्षात राहते ती तारीखच. तिथी कोणाला पाठ असते हो आजकाल.

रेवा_जळगाव
@पांझरातीर पुण्यतिथी म्हणून दरवर्षी तारखेने केलं तर चालतं की, खूप लोक करतात. पण पहिलं वर्षश्राद्ध गुरुजी बोलावून, पिंड करून करायचं असेल तर ते तिथीवरच करतात. आमच्या सासऱ्यांचं तसंच केलं, हार-फोटो तारखेला आणि श्राद्ध तिथीला, दोन्ही वेगळं.

सातपुडा_पायथा
ताई पितृपक्ष तर सप्टेंबरमध्येच होऊन गेला ना? मग आता डिसेंबरमध्ये श्राद्ध कसं? सर्वपित्रीला घातलं असेल तर परत घालायची गरज नसते असं ऐकलंय.

रेवा_जळगाव
ते महालयाचं झालं दादा, पितृपक्षातलं. हे वर्ष पुरं झाल्याचं. दोन्ही वेगळे.

यावलचा नाना
आता सांगतो सविस्तर, जरा लांब होईल. माझे वडील पंचांग बघायचे, त्यांच्याजवळ बसून थोडंफार कळतं, तरी शेवटचा शब्द तुमच्या गुरुजींचा.

तुमच्या दादांची तिथी बरोबर आहे. गेल्या वर्षी १८ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास चतुर्थी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत होती. दादा संध्याकाळी गेले म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, यात शंका नाही. सकाळी नऊला गेले असते तर तृतीया धरली असती, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की माणूस गेल्याची वेळ लिहून ठेवा, नुसती तारीख ठेवू नका.

आता यंदाचं बघा. कॅलेंडरवर संकष्टी ७ तारखेला दाखवलीय ती चंद्रोदयाच्या हिशोबाने. उपास चंद्र बघून सोडायचा असतो म्हणून चंद्र उगवताना चतुर्थी ज्या दिवशी असेल तो दिवस संकष्टीचा. ७ ला चतुर्थी लागते संध्याकाळी सव्वासहा वाजून गेल्यावर. त्याआधी दिवसभर तृतीया आहे. आणि श्राद्धाला चंद्रोदय बघत नाहीत, दुपार बघतात. दिवसाचे पाच भाग करायचे, त्यातला चौथा भाग म्हणजे अपराण्ह, त्या वेळेला जी तिथी असेल तिचं श्राद्ध. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि पावणेसहाला मावळतो, म्हणजे अपराण्ह येतो साधारण दुपारी दीडच्या थोडा आधीपासून साडेतीनच्या पुढे थोडा. ७ तारखेला त्या वेळेला तृतीया. ८ तारखेला सोमवारी चतुर्थी दुपारी चारपर्यंत आहे, म्हणजे पूर्ण अपराण्ह तिच्यात बसतो. तेव्हा दादांचं श्राद्ध ८ डिसेंबर, सोमवार. गुरुजींना हे दोन्ही दिवस समोर ठेवून विचारा, ते पण हेच सांगतील असं मला वाटतं.

आणि दुसरं म्हणजे ७ ला रविवारी संकष्टी, निम्म्या बायांचा आणि कितीतरी पुरुषांचा उपास. तुम्ही दोनशे माणसांची बट्टी टाकणार आणि ते चंद्र उगवेपर्यंत बसून राहणार, ते तरी कसं जमेल.

बोरीकाठची
बापरे नाना, हे तर मी पाहिलंच नव्हतं, म्हणजे कॅलेंडरवर चौकोनात संकष्टी दिसली की तीच तिथी असं धरलं होतं. आजच भावाला गुरुजींकडे पाठवते. पण सोमवार म्हणजे सुरतवाल्यांचं अवघड आहे. आत्यांची दोन्ही मुलं उधण्याला कारखान्यात आहेत, सोमवारची सुट्टी मिळणं कठीण.

धरणगावचा भाऊ
वर्षश्राद्ध एक दिवस आधीच करतात ना? आमच्याकडे तरी असंच केलं होतं. मग ८ ची तिथी असेल तर ७ ला बरोबर बसतं, रविवार सुटायला नको.

यावलचा नाना
@धरणगावचा भाऊ तुमचं अर्धं बरोबर आहे. आदल्या दिवशी करतात ते अब्दपूर्तीचं श्राद्ध, वर्ष भरल्याचं. आणि तिथीच्या दिवशी वर्षश्राद्ध. काही घरांत दोन्ही करतात, काही घरांत एकाच दिवशी लागोपाठ उरकतात, आणि मग लोकांच्या लक्षात आदला दिवस राहतो. पण ते केलं म्हणजे तिथीचा दिवस सोडून दिला असं नाही. या घरी अब्दपूर्ती ७ ला करायची की नाही ते गुरुजी आणि घरची चाल ठरवेल.

रावेरची केळी
आमचे मामा बुऱ्हाणपूरला राहतात, तिकडच्या पंचांगात हाच वद्य पक्ष पौष लिहितात. त्यांना "मार्गशीर्ष वद्य चतुर्थी" असं पाठवलं तर ते महिनाभर आधीच्या पंधरवड्यात शोधतील. आमच्याकडे आजीच्या वेळेला अगदी असंच झालं होतं, मामांनी नोव्हेंबरात फोन केला की कार्यक्रम झाला का, आम्हाला बोलावलं नाही. म्हणून निरोपात तिथीसोबत तारीख आणि वार दोन्ही लिहा, तिथी एकटी लिहू नका.

बोरीकाठची
अगं आमचे पण मामा बुऱ्हाणपूरचेच! थँक्यू, हे नक्की करते.

चोपड्याची_माई
मुली, मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून सांगते, राग मानू नको. "पांढरे कपडे घालून यावे" हे काढून टाक. आपल्याकडे सवाशीण बाई पांढरं लुगडं नेसत नाही, तिला ते नको वाटतं. तू लिहिलंस की लेकीबाळी आणि सुना अडचणीत, निरोप मोडावा की नेसावं, आणि ज्या नेसून येतील त्यांना दहा जणी विचारतील. पुरुषांचं ठीक आहे, त्यांच्याकडे पांढरा शर्ट-पायजमा असतोच.

आणि तुझ्या आईचं बघ. सगळ्या घरात पांढरंच पांढरं दिसलं की तिच्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा कशा होतील. वर्ष झालं आता. तिने कुठली साडी नेसायची, कपाळाला काय लावायचं ते तिचं तिला ठरवू दे, आणि ती जे ठरवेल ते तू आणि तुझा भाऊ दोघं आधीपासून तिच्या बाजूने उभे राहा, म्हणजे कोणी आत्या-मावशी बोलली तर तिथल्या तिथे थांबेल. आमच्या नणंदेने वर्षाला मोतिया रंगाची साडी नेसली होती बारीक काठाची, आणि तिच्या मुलाने सगळ्यांसमोर म्हटलं आई छान दिसतेस. नंतर कोणी एक शब्द काढला नाही.

रेवा_जळगाव
माई 🙏 एकदम बरोबर. मी म्हणेन रंगाचं नाव न घेता "साधे, सौम्य रंगाचे" एवढंच लिहायचं. काळा आमच्याकडे श्राद्धाला टाळतात पण ते पण लिहायची गरज नाही, कळतं लोकांना.

खान्देशी_पुणेकर
कारणासकट लिहा, ते जास्त लागू पडतं. म्हणजे "बैठक खाली गादीवर आहे, कीर्तनाला दोन तास बसायचं आहे, म्हणून सैल, साधे कपडे". मग कोणाला आपल्यावर नियम टाकलाय असं वाटत नाही. पोरांना पण बरोबर समजतं, टाइट जीन्स घालून मांडी घालता येत नाही हे त्यांना माहीत असतं. आणि डिसेंबरात अमळनेरकडे सकाळी थंडी चांगली असते, मांडवात बसायचं तर शाल-स्वेटर आणा असं पण लिहा, तो पण कपड्यांचाच भाग झाला आणि त्याने सगळा सूर मऊ होतो.

पांझरातीर
आमच्या काकांच्या वर्षाला सगळ्या पोरांनी मिळून एकसारखे टीशर्ट छापले होते, मागे काकांचा फोटो. मला तर ते चांगलं वाटलं होतं, प्रेमानेच केलं होतं त्यांनी.

चोपड्याची_माई
प्रेमाने केलं हे खरं बाबा. पण जेवताना खरकट्या हातांनी, घामाने तो फोटो मळतो, मला नाही बघवत.

सातपुडा_पायथा
आणि दुखवट्याचे कपडे? आमच्याकडे वर्षाला पण सोयरे टॉवेल-टोपी आणि साडी घेऊन येतात. मग सगळं घर त्या आहेरातच अडकतं, कोणाचं आलं कोणाचं नाही, परत कोणाला काय द्यायचं.

बोरीकाठची
तेराव्याला झालं ते सगळं, साड्यांचा ढीग अजून पेटीत आहे, आई एकपण नेसली नाही. यावेळेला नको असं लिहायचंय पण व्याह्यांना वाईट वाटेल का?

खान्देशी_पुणेकर
"कृपया कपडे-आहेर आणू नये" सगळ्यांना एकसारखं लिहिलं तर कोणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं परत केलं तर. भावजयीच्या माहेरच्यांना तेवढा वेगळा फोन करा.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, जेवाना टाइम पत्रिकामा साफ लिखी टाका, नहीते लोके बारा वाजताच ताट धुंडतस 😀

यावलचा नाना
भुसावळवाले हसत हसत मुद्द्यावर आलेत. ताईंनी लिहिलंय १० ला विधी, १२ ला जेवण. हे जमणार नाही, आणि न जमल्यामुळेच अशा कार्यक्रमात चिडचिड होते.

गुरुजी साडेअकराला मांडामांड सुरू करतील, बाराच्या सुमारास संकल्प सोडतील, तो कुतुप काळ असतो, श्राद्ध सुरू करायला चांगला धरतात. मग ब्राह्मणभोजन, पिंडदान, हे दीडच्या पुढे जाईल, आणि जावंही, कारण अपराण्ह तेव्हाच लागतो. मग गायीचा घास, कावळ्याचा घास. त्यानंतर पंगत म्हणजे पावणेदोन, दोन. तुम्ही १२ लिहिलं आणि दोनला ताट पडलं तर लोक दोन तास घड्याळ बघतील. तेच १:४५ लिहिलं आणि १:४५ ला वाढलं तर त्याच लोकांना काही वाटत नाही, ते घरून तसं खाऊन निघतात.

अमळनेर_स्टेशनरोड
नाना तुम्ही शास्त्राचं बोलताय पण गावात सगळीकडे काय असतं, १० ते १२ कीर्तन, बाराला पुष्पवृष्टी, आणि महाराजांनी पसायदान म्हटलं की लगेच पंगत बसते. विधी आत माजघरात चालू असतो, तो विधी करणाऱ्याचा. दोनशे माणसं कशाला थांबवायची पिंडासाठी? आमच्या गावात तर एक पंगत उठून दुसरी बसलेली असते तेव्हा पिंड होतात आणि कोणाला काही वाटत नाही.

यावलचा नाना
होतं तसं, नाही म्हणत नाही. पण ज्याच्यासाठी स्वयंपाक केला त्याच्या आधी आपण जेवायचं हे मला तरी पटत नाही.

रेवा_जळगाव
मला दोघांचं पटतं खरं सांगायचं तर. पण एक प्रसंग सांगते. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेला सगळे थांबले होते पिंड होईपर्यंत, अडीच वाजले. माझ्या चुलत सासऱ्यांना शुगर, सकाळी गोळी घेऊन घरून निघालेले, कोणाला सांगितलं नाही की खाल्लं नाही म्हणून. कीर्तनातच घाम फुटला आणि बसल्या जागी कलंडले. साखरपाणी दिलं, दहा मिनिटात सावरले, पण माझे मिस्टर विधीवरून अर्धे उठले होते. तेव्हापासून आमच्या घरात नियम, साडेअकराला म्हाताऱ्यांना, शुगरवाल्यांना आणि पोरांना काहीतरी द्यायचंच, केळं, दशमी, दूध. उपाशी राहायचंय ते विधी करणाऱ्याने. गुरुजींनीच सांगितलं तसं.

चोपड्याची_माई
आमच्या घरात पिंड होईपर्यंत चूल फक्त पितरांची असते, दुसरं काही शिजत नाही. पण केळं आणि दूध दिलं तर त्याला कोण नाही म्हणेल. ते निरोपात लिही हं, की गोळ्या असणाऱ्यांनी संकोच न करता सांगावं. आपली माणसं मागत नाहीत.

बोरीकाठची
हे मी सगळ्यात आधी लिहिणार, आमच्या मोठ्या काकांना इन्सुलिन आहे.

जेवणाचं पण विचारायचंय. भाऊ म्हणतो वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, दादांना तेच आवडायचं. गुरुजी म्हणतात श्राद्धाला वांगं नको, लसूण-कांदा नको. वांग्याशिवाय बट्टी म्हणजे गावात लोक काय म्हणतील.

धरणगावचा भाऊ
वांगं नाही म्हणजे? बामणोदची हिरवी वांगी डिसेंबरातच तर भरात येतात, आणि त्याच महिन्यात नको?

यावलचा नाना
दोन चुली करा. पितरांचं ताट वेगळं, घरात, सोवळ्यात, तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळा, गवार, आणि त्यात कांदा-लसूण-वांगं काही नाही. त्यातलंच नैवेद्याला आणि ब्राह्मणांना. बाहेर आचारी पंगतीचं करेल, त्यात काय घालायचं ते तुम्ही ठरवा. बऱ्याच घरांत असंच चालतं.

चोपड्याची_माई
मी असते तर त्या दिवशी बाहेरच्या कढईतपण वांगं घातलं नसतं. गंगाफळाची भाजी कर, बट्टीसोबत छान लागते, आणि वांगं रविवारी रात्री कर.

अमळनेर_स्टेशनरोड
आचाऱ्याला काय सांगायचं ते माझ्याकडून घ्या, माझ्या मेव्हण्याचं केटरिंग आहे, मी हिशोब बघतो. शंभर माणसाला बट्टीचं पीठ अठरा ते वीस किलो, जाडसर दळलेलं, त्यात दोनेक किलो मका. तुरीची डाळ सहा किलो. भाजी बारा ते पंधरा किलो. तूप तीन-साडेतीन किलो, त्यातलं निम्मं वाढताना जातं. दोनशेला दुप्पट करू नका सरळ, बायका-पोरं जास्त असतील तर पीठ पस्तीस किलोत भागतं. बट्टी आदल्या रात्री वाफवून ठेवली तरी चालते, सकाळी कापून तळायची. मात्र तळून ठेवू नका, दोन तासात दगड होते. म्हणून पंगतीची वेळ आचाऱ्याला नक्की सांगा, ती बाराची आहे की पावणेदोनची. तुम्ही बारा सांगितलं आणि पिंड लांबले तर तुमच्या दोनशे माणसांना कडक बट्टी.

ओवा, जिरं, हळद पिठातच. आणि पीठ चक्कीवर दिवसभर आधी दळून आणा, दिवसाआड नको.

भुसावळ_जंक्शन
हे वाचीसन भूक लागी गई.

सातपुडा_पायथा
दोनशे हा आकडा कसा काढला ताई? आमच्याकडे गावात तोंडी आवतण असतं, चूलबंद दिलं की घरातले सगळे येतात. एका घराला एक माणूस धरलं तर फसाल.

बोरीकाठची
भाऊबंदकीची पस्तीस घरं आहेत, घरटी चार धरलेत, आणि बाहेरगावचे पन्नास-साठ. बाहेरगावच्यांना निरोपात विचारणारच आहे किती जण येणार.

भावाचा फोन आला आत्ता. गुरुजींनी पंचांग काढून बघितलं आणि ८ तारीखच सांगितली, नानांनी सांगितलं तेच. अब्दपूर्ती ते ८ ला सकाळीच उरकून घेऊ म्हणाले. पण आत्यांचं काय करू. त्या म्हणतात तुम्ही रविवारी करा नाहीतर मला बोलावू नका, त्यांच्या सख्ख्या भावाचं आहे हो. फोनवर रडल्या.

रावेरची केळी
आत्यांना रविवारीच येऊ द्या ना. सुरत-भुसावळ लाइन आहे, अमळनेरला थेट उतरतील. रविवारी संध्याकाळी घरात भजन ठेवा, मुलं पण येतील, त्यांना दादांच्या फोटोला हार घालू दे. मुलं रात्रीच्या गाडीने सोमवारी कामावर जातील आणि आत्या मागे राहतील. सख्खी बहीण श्राद्धाला असली म्हणजे झालं, भाच्यांनी आदल्या दिवशी येऊन गेलं तरी पोचतं.

चोपड्याची_माई
आणि रविवारी संकष्टी सोडायचं जेवण घरातच, चंद्र उगवल्यावर. त्या दिवशी कर तुझ्या दादांच्या आवडीची वांग्याची भाजी.

खान्देशी_पुणेकर
एक राहिलं. छापील पत्रिका काढू नका, मोबाइलवरच पाठवा आणि म्हाताऱ्यांना फोन करा. भाऊबंदकीत मधे कोणाचं सुतक आलं तर श्राद्ध सुतक फिटल्यावर जातं, मग छापलेली सगळी तारीख वाया. आमच्याकडे झालंय. आणि वर कुंकवाचा ठसा, गणपती वगैरे काही टाकू नका, काही तयार डिझाइनमध्ये ते आपोआप असतं.

पांझरातीर
आमच्याकडे तर बहिणीचं लग्न ठरलं होतं म्हणून वर्षश्राद्ध सहाव्या महिन्यातच करून घेतलं. तसं करता येतं का कोणी सांगेल? म्हणजे केलंच आहे आम्ही, पण आई अजून विचारते की ते पोचलं का.

यावलचा नाना
@पांझरातीर लग्नासाठी वर्ष आधी उरकतात, खूप घरांत होतं. तरी तिथीला यंदा परत श्राद्ध घाला म्हणजे आईंच्या मनातलं जाईल. गुरुजींना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत.

बोरीकाठची
सगळ्यांचं वाचून रात्री बसून लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तिने एक-दोन ठिकाणी बदललं. बघा बरं:

।। राम कृष्ण हरी ।।

आमच्या दादांना जाऊन वर्ष होत आहे. त्यांचं वर्षश्राद्ध सोमवार, ८ डिसेंबर २०२५ (मार्गशीर्ष वद्य चतुर्थी) रोजी गावी आमच्या राहत्या घरी आहे. तुम्ही सगळे सहकुटुंब असावं ही आईची आणि आम्हा भावंडांची विनंती.

रविवारी, ७ तारखेला संध्याकाळी ७ वाजता घरीच भजन आहे. ज्यांना सोमवारी येणं शक्य नाही त्यांनी रविवारी यावं, दादांना हार घालावा. संकष्टी असणाऱ्यांचं जेवण चंद्रोदयानंतर, बाकीच्यांचं ८ वाजता. मुक्कामाची सोय आहे, अंथरूण-पांघरूण आणू नये.

सोमवारी सकाळी ८ पासून चहा. १० ते १२ कीर्तन, १२ वाजता प्रतिमेला फुलं. श्राद्धविधी १२ ते दीड घरात. जेवणाची पहिली पंगत पावणेदोन वाजता, दुसरी अडीचला. ज्यांना औषधं आहेत किंवा लहान मुलं सोबत आहेत त्यांच्यासाठी साडेअकराला केळी, दूध, दशमी ठेवलेली आहे. वहिनीला सांगावं, अजिबात संकोच करू नये.

बैठक खाली आहे आणि सकाळी थंडी असते. साधे, सौम्य रंगाचे, बसायला सोयीचे कपडे आणि एक शाल सोबत असू द्यावी. पुरुषांनी कीर्तनाला टोपी किंवा रुमाल आणावा.

दुखवट्याचे कपडे किंवा आहेर कृपया आणू नये. किती जण येणार आणि कोणत्या गाडीने, ते १ डिसेंबरपर्यंत कळवावं म्हणजे स्टेशनवर गाडी पाठवता येईल.

चोपड्याची_माई
चांगलं झालंय बाई. आईने काय बदललं?

बोरीकाठची
"साधे कपडे घालावेत ही नम्र विनंती" होतं, ती म्हणाली विनंती कशाला, आपलीच माणसं आहेत, शाल आणायला सांग म्हणजे झालं. आणि दशमी तिने घातली, दादा प्रवासाला निघताना ती तेच बांधून द्यायची.

अमळनेर_स्टेशनरोड
दोन पंगती पाऊण तासाच्या अंतराने धरल्यात, वाढायला किमान बारा पोरं लागतील. गावातल्या मंडळाला आत्ताच सांगून ठेवा. आणि मी अजून म्हणतो, पहिली पंगत सव्वाबाराला बसवा.

यावलचा नाना
राहू द्या पावणेदोनच.

रावेरची केळी
मामांना पाठवताना कंसात पौष लिहायला विसरू नको.

बोरीकाठची
लिहिलं. आत्यांचा पण आत्ताच मेसेज आला, शनिवारीच निघते म्हणाल्या, दोन दिवस आईसोबत राहतील. वांग्याचं मात्र आमच्या घरात अजून भांडण चालू आहे, भाऊ सोमवारी पण हवंच म्हणतोय.

धरणगावचा भाऊ
भावाच्या बाजूने एक मत माझं धरा.